ओझ्याची हवा

माझ्या पल्सर १५०च्या चेनकव्हरवर टायरच्या हवेचा एक छोटा स्टिकर आहे. त्यावर तीन आकडे छापले आहेत. पुढच्या चाकात २५, मागच्या चाकात एकट्यासाठी २८, आणि मागे कुणी बसणार असेल तर ३२. आकडे पीएसआयचे. पंक्चरच्या दुकानात त्यालाच ‘पॉइंट’ म्हणतात. पुढच्या चाकाला एकच आकडा आणि मागच्याला दोन, एवढ्यात त्या स्टिकरचं सगळं सांगणं आलं. मागच्या चाकाची हवा गाडीच्या नावाने ठरत नाही. त्या दिवशी त्या चाकावर किती ओझं येणार आहे, यावर ती ठरते.

बोरी अरबसारख्या गावात हे सांगणं फार जवळचं आहे. दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीच्या काठचं हे गाव. चारही बाजूंनी कपाशी, सोयाबीन आणि तुरीची काळी रानं. इथे मोटरसायकल हे फिरायचं वाहन कमी आणि घरातल्या माणसासारखं राबणारं वाहन जास्त. सकाळी मी तिच्यावर एकटा शाळेत जातो. दुपारी तीच गाडी दारव्ह्याहून युरियाची ४५ किलोची गोणी आणते. संध्याकाळी त्याच सीटवर बायको बसते आणि आम्ही सोयऱ्यांकडे जाऊन येतो. एका दिवसात एकाच टायरवर तीन वेगळी वजनं येतात, आणि टायरमधली हवा मात्र कुणीतरी कधीतरी भरलेली, तीच असते.

ती किती असते, हेही पाहण्यासारखं आहे. आमच्याकडच्या एका दुकानात पंक्चरवाला मला दर वेळी विचारतो, “मांगं किती टाकू सर?” मी म्हणतो, “अठ्ठावीस.” त्याला ते पटत नाही. “इतकी कमी? आमी तं सगळ्याइलेच चाळीस मारतो. दाबून भरली का म्हयनाभर पाहाचं काम नाही.” त्याच्या बोलण्यात व्यवहार आहे. ट्यूब कितीही चांगली असली तरी रबरातून हवा हळूहळू झिरपते, महिन्याकाठी एखाद-दोन पॉइंट जातातच. गिऱ्हाईक महिना-दोन महिने फिरकत नाही, हे त्याला माहीत आहे. म्हणून तो पुढच्या दोन महिन्यांची हवा आजच भरून देतो. अडचण एवढीच की गाडी आज चालवायची असते, आणि तीही दोन्ही चाकांत चाळीस घेऊन.

आता वजनाचा हिशेब करू. माझी गाडी पेट्रोलसह १४५ किलोच्या आसपास भरते. तिच्यातलं साधारण ७० किलो पुढच्या चाकावर आणि ७५ मागच्यावर येतं. मी ६५ किलोचा. माझी बसायची जागा मागच्या चाकाला जवळ असल्यामुळे माझ्यातले ४५ किलो मागे जातात आणि २० पुढे. म्हणजे मी एकटा असताना पुढे ९० आणि मागे १२० किलो. आता मागे ६० किलोचं माणूस बसलं की काय होतं? त्याची जागा मागच्या आसाच्या जवळजवळ वर येते. म्हणून त्याच्या ६०पैकी ५२ किलो मागच्या चाकावर पडतात आणि पुढे जेमतेम ८. पुढचं चाक ९०वरून ९८वर गेलं. त्याला विशेष काही कळलंही नाही. मागचं मात्र १२०वरून १७२वर गेलं, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वाढलं. पुढच्या चाकाला एकच आकडा आणि मागच्याला दोन का, याचं उत्तर या बेरजेत आहे. किलोचे हे आकडे अंदाजाचे आहेत, गाडीगणिक आणि माणसागणिक बदलतील. पण वाढ मागेच होते, ही गोष्ट बदलत नाही.

हे वजन पेलतो कोण? टायरचं रबर फार थोडं पेलतं. मुख्य भार आतली दाबलेली हवा घेते. २८ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो. मागच्या चाकावर १२० किलो आले की टायर खाली इतका चपटा होतो, की रस्त्याला टेकलेला भाग साधारण ६० चौरस सेंटिमीटर होईल. तेवढी जागा गुणिले दोन किलो, झाले १२०. टायरच्या भिंतींचा स्वतःचा ताठपणा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण गणिताचा गाभा हाच. अर्ध्या पोस्टकार्डाएवढा रबराचा तुकडा रस्त्याला धरून असतो, आणि ब्रेक, वळण, वेग, सगळं त्याच्या भरवशावर चालतं.

हाच हिशेब पुढे नेला की हवेचा खेळ दिसू लागतो. मागे माणूस बसलं आणि हवा २८च राहिली, तर टेकणारा भाग ८७ चौरस सेंटिमीटरपर्यंत पसरतो. हवा ३२ केली तर तो ७६वर येतो. एकट्याच्या साठाइतका तो परत होत नाही, कारण कंपनीला टायर दगडासारखा कडक करायचा नसतो. थोडं पसरणं ती गृहीत धरते. उलट मी एकटाच असताना मागे चाळीस भरली, तर टेकणारा भाग ४३वर येतो. अर्धं पोस्टकार्डही नाही, त्याच्याही खाली.

हे कागदावर पटतं, पण डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. त्यासाठी शाळेतला खडू पुरतो. घरासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर गाडी उभी करून मागच्या टायरवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, खडूचा जाड आडवा पट्टा ओढायचा. मग सरळ रेषेत पंधरा-वीस पावलं गाडी हळू चालवायची आणि उतरून पाहायचं. जिथे टायर रस्त्याला टेकला तिथला खडू पुसलेला असतो. २८ हवा आणि मी एकटा: मधोमध जवळजवळ तीन बोटं रुंदीचा पट्टा साफ, दोन्ही कडांना खडू शाबूत. मग बायको मागे बसली, हवा तीच: पुसलेला पट्टा चार बोटांच्या पलीकडे गेला आणि त्याच्या कडा मधल्या भागापेक्षा जास्त घासलेल्या दिसल्या. हवा ३२ केली: पट्टा आत सरकला आणि सगळीकडे सारखा पुसला गेला. त्या सारखेपणात सगळं आलं. टायरच्या टेकलेल्या भागावर वजन एकसारखं पसरलं आहे, हे तो खडू सांगतो. कडा जास्त घासल्या तर हवा कमी. मधली बारीक पट्टीच घासली तर हवा जास्त.

आता पकडीबद्दल. शाळेत आपण शिकतो, आणि मी शिकवतोही, की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडी ठोकळा आडवा ओढा की उभा, जोर सारखाच लागतो. मग टेकणारा भाग ६० असो की ४३, फरक का पडावा? पडतो, कारण रबर लाकडासारखं वागत नाही. डांबरी रस्त्यावर गिट्टीचे बारीक खडबडे असतात. रबर त्यांच्या खाचांत दबून बसतं आणि तिथे धरतं. थोड्याशा रबरावर जास्त वजन आलं की ते एका मर्यादेपलीकडे आणखी खोल बसू शकत नाही. मग वजनाच्या मानाने पकड कमी मिळते. तेच वजन जास्त रबरावर वाटलं गेलं की प्रत्येक तुकडा आपल्या वाट्याचं वजन नीट धरतो. त्यातही आपला रस्ता सपाट नसतो. कडक टायर गिट्टीवरून, खड्ड्याच्या काठावरून उसळतो. आणि चाक ज्या क्षणी हवेत असतं, त्या क्षणी पकड शून्य असते. मागे चाळीस हवा भरून एकट्याने जाताना मागचा ब्रेक जरा जोरात दाबला की चाक लगेच जाम होऊन घसरतं, त्याचं कारण हेच. लोक ब्रेकला दोष देतात. ब्रेकने आपलं काम केलेलं असतं. टायरला रस्ता धरता आलेला नसतो.

पुढच्या चाकात चाळीस भरणं मला त्याहून जास्त काळजीचं वाटतं. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं. वळणावर दिशाही तेच देतं. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडा अवकाश मिळतो. पुढचं घसरलं की माणूस खाली. आणि आपण वर पाहिलं, की मागे माणूस बसवून पुढच्या चाकावरचं वजन फार वाढतच नाही. तिथे जास्त हवा मागणारं काही नसतं. काही गाड्यांच्या स्टिकरवर दोघांसाठी पुढेही एखाद-दोन पॉइंट वाढवायला सांगितलेलं असतं, तेवढे वाढवावेत. माझ्या गाडीला तेही नाहीत. म्हणून दुकानात मी मागच्या आकड्याबद्दल एखाद्या वेळी बोलत बसत नाही, पण पुढची पंचवीस पाहिल्याशिवाय हलत नाही.

कमी हवेचं दुखणं वेगळ्या तऱ्हेने कळतं. मागे ओझं आणि हवा कमी असली की गाडी वळणावर सुस्त होते. हँडल वळवलं तरी मागचा भाग क्षणभर उशिरा येतो, आणि आला की हलकेच डुलतो. टायरच्या भिंती वजनाखाली आडव्या लचकत असतात, त्याचा हा डोल. सरळ रस्त्यावर वेग वाढवला की शेपटाकडून तीच झुलणी जाणवते. अनेकांना वाटतं शॉकअप गेला, किंवा चाकाचं बेअरिंग ढिलं झालं. आधी हवा पाहावी. शॉकअपलाही ओझ्यासाठी खाच असते, ती पान्याने एक-दोन घर वर घ्यावी. पण हवेची उणीव शॉकअप भरून काढत नाही.

लचकण्याचा हा प्रकार किती वेळा घडतो, याचा अंदाज आपल्याला नसतो. माझ्या मागच्या चाकाचा घेर जवळपास १.९ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला ते पाचशेहून जास्त वेळा फिरतं. ताशी पन्नासच्या वेगाने टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सात वेळा खाली येतो, चपटा होतो आणि पुन्हा उलगडतो. तार वारंवार वाकवली की हाताला गरम लागते. टायरच्या भिंतीतही दर वाकण्यासरशी उष्णता तयार होते. हवा योग्य असेल तर वाकणं थोडं आणि उष्णता वाऱ्याने जाते. हवा कमी आणि ओझं जास्त असेल तर वाकणं खोल, आणि उष्णता आत साठत राहते. रबर आणि आतले धागे यांना चिकटवून ठेवणारा थर त्या उष्णतेने कमजोर होतो.

इथेच आमच्या विदर्भातल्या एका पक्क्या समजुतीशी माझा वाद आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो, असं इथे घरोघर सांगतात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, दुपारचं डांबर पायाला सोसत नाही. त्यामुळे ही भीती समजण्यासारखी आहे. हवा तापली की दाब वाढतो, हेही खरं. दहा अंशांना साधारण दीड पॉइंट. शिवाय चालून टायर तापला की आणखी तीन-चार पॉइंट चढतात. पण ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात घेतलेली असते. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, तो याचसाठी. सकाळी २८ भरलेला टायर दुपारी धावून धावून ३३-३४ दाखवतो, आणि ते ठीक आहे. त्याला घाबरून तापलेल्या टायरातून चार पॉइंट सोडून दिले, तर टायर निवल्यावर तो २४वर येईल. आता त्याची भिंत जास्त वाकेल, जास्त तापेल. फुटू नये म्हणून जे केलं, तेच टायरला फुटण्याकडे नेतं. भर उन्हात, मागे ओझं आणि पोटात कमी हवा, हाच टायरचा सगळ्यात वाईट दिवस.

उलट बाजू हिवाळ्यात दिसते. मे महिन्याच्या दुपारी ४४ अंशांत बरोबर २८ भरलेला टायर, जराही गळला नाही असं धरलं तरी, डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत २३ दाखवेल. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह चांगला, आणि पाच पॉइंट गायब. त्यातच झिरपलेली हवा मिळवा. कापसाच्या वेचणीचे दिवस हेच, आणि गाडीवर बोजे लादायचे दिवसही हेच. म्हणून दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की एकदा हवा पाहून घ्यावी, असं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत असतो.

मोजायचं कसं, हेही सांगायला हवं. गाडी दोन-तीन तास उभी असताना, सावलीत, निघण्याआधी मोजावं. दुकान फार तर एक-दोन किलोमीटरवर असेल तर तिथेही चालेल. दुकानातल्या मीटरवर सगळा भरवसा टाकू नये; दिवसभर आपटून त्याचा काटा सरकलेला असू शकतो, आणि दोन दुकानांचे मीटर जुळत नाहीत असं पुष्कळदा दिसतं. आपलं एक खिशातलं मीटर ठेवावं, नेहमी त्यानेच मोजावं आणि दुकानदाराला चार पॉइंट जास्तच भरायला सांगावं. घरी टायर निवला की जास्तीची हवा आपल्या मीटरने सोडून बरोबर आकड्यावर आणता येते. सोडणं सोपं असतं, भरायला दुकान लागतं.

झिजेची गोष्ट मी टायरवर हात फिरवून वाचतो. मागच्या टायरची मधली पट्टी नेहमीच आधी झिजते, कारण आपण बहुतेक वेळ सरळ चालतो आणि ओढायचं काम मागचं चाक करतं. पण जास्त हवेवर चाललेल्या टायरची ती झीज वेगळी ओळखू येते. मध्ये बारीक, सपाट, गुळगुळीत पट्टा आणि लगेच शेजारी खाचा जवळजवळ नव्यासारख्या खोल. रबर बाजूला शिल्लक असतं, तरी टायर संपलेला असतो. शिवाय मध्ये सपाट झालेला टायर वळणावर सहज झुकत नाही. सपाटीच्या कडेवरून तो एकदम बाजूला पडतो, आणि नेमकं तेव्हा गाडी हातातून सुटल्यासारखी वाटते. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या कडा आणि खांदे झिजतात. पुढच्या टायरला कमी हवेत वेगळीच सवय लागते. खाचांमधल्या एकेका ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी बुटकी होते. तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखा लागतो. खाचेच्या तळाशी जो छोटा उंचवटा असतो, त्याची जागा टायरच्या भिंतीवर टीडब्ल्यूआय या अक्षरांनी दाखवलेली असते. झीज त्या उंचवट्याला पोचली की हवा कितीही अचूक ठेवली तरी टायर बदलावाच लागतो.

ट्यूबच्या टायरला कमी हवेच्या आणखी दोन खुणा असतात. एक व्हॉल्व्हची. रिमच्या भोकातून तो सरळ वर यायला हवा. तिरका झालेला दिसला तर ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो आहे आणि ट्यूबलाही ओढतो आहे असं समजावं. पुढे कधीतरी व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो आणि हवा एका क्षणात जाते. दुसरी खूण पंक्चरमध्येच दिसते. दुकानदार ट्यूब काढून पाण्याच्या टबात बुडवतो, बुडबुडे येतात, आणि कधी कधी एकाच्या जागी दोन भोकं निघतात, शेजारीशेजारी, बारीक चिरांसारखी. टायरमध्ये मात्र खिळा नसतो, काटा नसतो. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलं, हवा कमी म्हणून टायर रिमपर्यंत दबला, आणि ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटली गेली. अशा दोन चिरा दिसल्या की ठिगळ लावून काम संपत नाही. त्या गाडीला ओझ्याच्या मानाने हवा कमी होती, हे त्या चिरांत लिहिलेलं असतं.

पावसाळ्यात लोक विचारतात, पांदण रस्त्यावर चिखलात हवा कमी करावी का? मऊ मातीत कमी हवेचा टायर पसरतो, कमी रुततो, हे खरं आहे. वाळूत त्याचा उपयोगही होतो. पण आमची काळी माती वेगळी. ती खाचा भरून टाकते, मडगार्डमध्ये गच्च बसते, आणि मग टायरला रबराच्या ऐवजी मातीचीच पाठ येते. तिथे हवेचे चार पॉइंट काही करू शकत नाहीत. आणि शेतातून डांबरी रस्त्याला लागल्यावर भरायला पंप नसतो. मग त्याच कमी हवेवर, मागे गोणी टाकून, गावापर्यंत यायचं. ट्रॅक्टरने डांबरावर आणून टाकलेल्या ओल्या चिखलावर तर कुठलीच हवा भरवशाची नाही. तिथे वेग कमी करणं, ब्रेकला हात न लावता सरळ पार होणं, एवढंच हाती असतं.

गोणी कुठे ठेवली यानेही हवेचा हिशेब हलतो. ५० किलोची डीएपीची गोणी मागच्या कॅरिअरवर, आसाच्या पंधरा सेंटिमीटर मागे ठेवली, तर ती ५० किलोपेक्षा जास्त जोर लावते. मागच्या चाकावर साधारण ५६ किलो येतात, कारण ती पुढचं चाक सहा किलोंनी उचलते. पुढचं चाक हलकं झालं की हँडल भिरभिरतं आणि पुढच्या ब्रेकची पकड घटते. तीच गोणी सीटवर, पाठीला टेकवून आणि दोरीने घट्ट बांधली, तर तिचं वजन आसाच्या पुढे येतं. मागे ५०पेक्षा कमी पडतं आणि पुढचं चाक जमिनीला नीट धरून राहतं. म्हणून गोणी शक्य तितकी पुढे, शक्य तितकी खाली. आणि मागे ३२.

मग रोजचा खरा प्रश्न उरतो. सकाळी जाताना एकटा आणि येताना भरलेला, तर निघताना कुठली हवा ठेवायची? दारव्ह्याला पोचल्यावर गरम टायरात चार पॉइंट मोजून भरत कुणी बसत नाही. यावर माझा विचार असा. दोन्ही बाजूंचं नुकसान सारखं नाही. एकट्याने जाताना मागे ३२ असली तर टेकणारा भाग साठावरून त्रेपन्नावर येतो. गाडी जरा कडक वाटते, धक्के थोडे जास्त लागतात, मधली पट्टी जरा लवकर झिजते. जपून चालवलं तर एवढ्यावर भागतं. उलट २८ ठेवून परतताना ओझं लादलं, तर टायर तापणं, भिंती दुखावणं, चिमटा बसून पंक्चर होणं, वळणावर डुलणं, हे सगळं एकत्र येतं, आणि तेही मागे माणूस बसलेलं असताना. म्हणून परतीला ओझं नक्की असेल त्या दिवशी मी घरूनच मागे ३२ करून निघतो. आठवडाभर एकटाच फिरणार असेन तर २८. पुढे दोन्ही दिवशी २५. ‘दाबून’ चाळीस मात्र कोणत्याच दिवशी नाही. ती एकट्याची पकड घालवते, आणि भरलेल्या गाडीलाही तेवढ्याची गरज नसते.

हे आकडे माझ्या गाडीचे. ज्याची गाडी वेगळी, त्याने आपल्या स्टिकरवरचे वाचावेत. स्टिकर गेला असेल तर गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ते असतात. टायर बदलताना वेगळ्या मापाचा बसवला असेल तर दुकानदाराला नेमकं विचारून घ्यावं, कारण रुंद टायरात तोच आकडा तेच काम करीलच असं नाही.

आणि एक मर्यादा अशी आहे, जिच्यापुढे कुठलाच पॉइंट उपयोगी पडत नाही. माझ्या मागच्या टायरच्या भिंतीवर १००/९०-१७ या मापापुढे ५५पी असं छापलेलं आहे. त्यातला ५५ हा वजनाचा सांकेतिक क्रमांक. त्याचा अर्थ, ठरलेल्या पूर्ण दाबावर हा टायर जास्तीत जास्त २१८ किलो पेलेल. आता हिशेब पुन्हा करा. मी एकटा १२०. मागे बायको, १७२. तिच्याही मागे कॅरिअरवर युरियाची ४५ किलोची गोणी, जी आसाच्या मागे असल्यामुळे ५० किलोंसारखी पडेल: २२२. गोणीऐवजी तिसरं माणूस बसवलं तर त्याच्याही पुढे. स्टिकरवर दोघांचा आकडा आहे, तिघांचा नाही. तो छापायचा राहून गेलेला नाही, तसा आकडाच नाही. बत्तिसाच्या जागी चाळीस भरून ही बेरीज बसवता येत नाही. खड्ड्यात आदळताना तर हे वजन क्षणभर कितीतरी पटींनी वाढतं. अशा दिवशी मी आधी बायकोला घरी सोडतो आणि गोणीसाठी दुसरी फेरी मारतो. पेट्रोल थोडं जास्त जातं, तेवढं जाऊ द्यावं.